विषय : घर बदलण्यासाठी गुरुवार २९ आणि शुक्रवार ३० जानेवारीची रजा मिळण्याबाबत

आदरणीय सर,

नमस्कार. आम्ही या महिन्याअखेरीस राहतं घर सोडून नव्या घरी जात आहोत. त्यासाठी मला गुरुवार २९ आणि शुक्रवार ३० जानेवारी २०२६ अशी दोन दिवसांची रजा हवी आहे. माझ्या खात्यात किरकोळ रजा शिल्लक आहे आणि पोर्टलवर आजच अर्ज टाकला आहे. नुसता अर्ज तुमच्यासमोर जाऊ नये, कारण हे दोन्ही दिवस मंथ-एंडचे आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

महिन्याचा शेवट म्हणजे आपल्या विभागात रजा मागण्याची वेळ नव्हे, हे मला ठाऊक आहे. तारीख पुढे-मागे करता येते का, ते आधी सगळीकडे विचारून पाहिलं. सध्याच्या घराचा करार ३१ जानेवारीला संपतो आणि १ फेब्रुवारीला तिथे दुसरं कुटुंब राहायला येणार आहे. त्यामुळे आणखी आठवडाभर राहू द्या म्हणायची सोय नाही. नव्या घराची किल्ली मिळणार २८ तारखेला संध्याकाळी. शनिवार-रविवारी सामान हलवलं असतं तर रजेचा प्रश्नच आला नसता, पण नव्या सोसायटीत सामानासाठी लिफ्ट फक्त सोमवार ते शुक्रवार, सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेतच वापरू देतात. घर पाचव्या मजल्यावर आहे. कपाटं आणि फ्रिज जिन्यावरून चढवणं कामगारांवर अन्याय होईल, आणि तशी परवानगीही नाही.

गुरुवारी सकाळी पॅकिंगवाले येतील आणि दुपारी ट्रक निघेल. त्या दिवशी माझे पतीही रजेवर आहेत. शुक्रवारी मात्र त्यांना सुट्टी मिळत नाही आणि त्या दिवसाची कामं माझ्याशिवाय होण्यासारखी नाहीत. जुन्या घराचा करार माझ्या नावावर आहे. घरमालक परगावाहून येऊन घर पाहणार, माझ्यासमोर विजेच्या मीटरचं रीडिंग घेणार, किल्ल्या घेणार आणि मगच अनामत रकमेचा हिशोब होणार. दुपारी नव्या घरी इंटरनेट जोडायला माणूस येईल.

शिवाय आई आमच्याबरोबर असते. तिचे गुडघे आता तीन जिने चढण्यासारखे राहिले नाहीत. खरं तर तिच्यासाठीच आम्ही लिफ्ट असलेलं घर शोधत होतो. अनोळखी घर, वाटेत खोकी, दारातून ये-जा करणारी माणसं, अशा अवस्थेत पहिल्याच दिवशी तिला एकटी ठेवायला मन धजत नाही. तिची औषधं, बिछाना आणि बाथरूममधला हाताचा आधार एवढं जागेवर लागलं की सोमवारी मी निश्चिंत मनाने कामावर येईन.

आता आपल्या कामाबद्दल. सर्वांत मोठी काळजी पगाराच्या फाइलची होती. माझ्या रजेमुळे कुणाचा पगार एक दिवसही लांबलेला मला चालणार नाही. हजेरीचा तपशील २६ ऐवजी २३ तारखेला पाठवायला एचआरने होकार दिला आहे. त्यामुळे फाइल २७ ला तयार होईल, २८ ला दुपारपर्यंत मी ती बँकेच्या पोर्टलवर ३० तारखेच्या देयदिनांकाने चढवीन आणि तुमची मंजुरीही त्याच दिवशी घेईन. २३ नंतर हजेरीत काही फरक पडला तर तो पुढच्या महिन्याच्या पगारात धरायचा, असं एचआरशी ठरलं आहे.

पुरवठादारांची ३० तारखेची पेमेंट स्नेहा बघेल. तिच्याशी बोलून मगच हे लिहीत आहे. यात एक अडचण आहे आणि तिथे तुमचा निर्णय लागेल. नेहमी एंट्री मी करते आणि स्नेहा तपासून मंजूर करते. त्या दिवशी एंट्री तिने केली तर तपासणी तिच्याकडे ठेवता येणार नाही. एकाच व्यक्तीच्या हातात दोन्ही गोष्टी एका दिवसासाठीही नकोत, असं मला वाटतं. म्हणून स्नेहाला २९ आणि ३० पुरते एंट्रीचे अधिकार आणि अजयला तपासणीचे अधिकार द्यावेत, अशी विनंती आहे. आयटीकडे त्याची मागणी तुमच्या मंजुरीनेच जाऊ शकते, मजकूर मी तयार ठेवला आहे. माझं लॉगिन किंवा टोकन मी कुणाकडे देणार नाही.

बँक रिकन्सिलिएशन २८ तारखेपर्यंतच्या व्यवहारांचं मी पूर्ण करून जाईन. उरलेल्या तीन दिवसांचं सोमवारी २ फेब्रुवारीला दुपारपर्यंत होईल. क्लोजिंगचा अहवाल ३ तारखेला जातो, तेव्हा त्याला धक्का लागणार नाही. ज्या दोन पुरवठादारांची बिलं दर महिन्याला शेवटच्या दिवशी येतात, त्यांना २७ पर्यंत पाठवा म्हणून आजच कळवलं आहे. तरीही ती उशिरा आली तर तरतुदीची नोंद कशी करायची, ते स्नेहाला मागच्या महिन्याचं उदाहरण दाखवून समजावते आहे.

दोन्ही दिवस फोन चालू असेल. सामान चढत-उतरत असताना लगेच उचलता आला नाही तर तासाभरात मीच फोन करीन. घरून काम करते असं मात्र म्हणत नाही. इंटरनेट शुक्रवारी दुपारनंतर सुरू होईल, आणि खोक्यांच्या गराड्यात बसून पेमेंटचे आकडे तपासणं मला धोक्याचं वाटतं. शनिवारी ३१ तारखेला गरज पडली तर सकाळी १० ते १ ऑफिसात येऊ शकते.

दोन दिवस देणं अगदीच शक्य नसेल, तर गुरुवारची पूर्ण रजा आणि शुक्रवारी दुपारी २ पर्यंतची अर्धी रजा तरी मिळावी. तसं झालं तर आईजवळ थांबायला मावशीला बोलवावं लागेल आणि इंटरनेटचं काम पुढे ढकलावं लागेल. ओढाताण होईल, पण निभावेल. गुरुवार मात्र कोणत्याही परिस्थितीत हलवता येणार नाही.

पॅकिंगवाल्यांना मंगळवार २० जानेवारीला दिवस पक्का करून आगाऊ रक्कम द्यायची आहे आणि सोसायटीकडे लिफ्टची वेळही त्याच दिवशी नोंदवायची आहे. सोमवारी १९ तारखेपर्यंत आपला निर्णय कळला तर फार मदत होईल. प्रत्यक्ष बोलायचं असेल तर उद्या दुपारच्या बैठकीनंतर मी आपल्या केबिनमध्ये येते. कामाच्या वाटणीत काही बदल सुचवायचा असेल तर जरूर सांगा, त्याप्रमाणे स्नेहा आणि अजयशी पुन्हा बोलून घेईन.

आपली विश्वासू,
मीनल
लेखा विभाग
१५ जानेवारी २०२६