मागणी ते वसुली प्रक्रियेच्या आढाव्याचा प्रस्ताव

माननीय व्यवस्थापकीय संचालक,
सप्रेम नमस्कार.

प्राथमिक बैठकीत आपण मांडलेली अडचण, म्हणजे माल वेळेत निघूनही बिल उशिरा जाते आणि वसुली रखडते, ही केवळ लेखा विभागाची नसावी, असे आमचे मत आहे.

पहिल्या दोन आठवड्यांत आम्ही निवडक ६० मागण्यांचा कागदोपत्री माग काढू. प्रत्येक टप्प्यावर प्रत्यक्ष कामाला किती वेळ लागला आणि कागद नुसता पडून किती राहिला, हे वेगवेगळे मोजू, कारण विलंब बहुधा कामात नसून दोन विभागांमधील हस्तांतरणात दडलेला असतो. कर्मचाऱ्यांच्या मुलाखती त्यांच्याच टेबलाशी घेऊ. नियमपुस्तिकेतली प्रक्रिया आणि रोजची प्रक्रिया क्वचितच एक असते. पुढील चार आठवड्यांत कारणमीमांसा व एका शाखेत सुधारणांची चाचणी होईल.

आपल्याला सध्याच्या व प्रस्तावित प्रक्रियेचे नकाशे, प्राधान्यक्रमासह शिफारशींचा अहवाल आणि जबाबदाऱ्यांचा तक्ता मिळेल. संगणकप्रणालीतील बदल यात समाविष्ट नाहीत.

प्रमुख सल्लागार १४ दिवस आणि दोन विश्लेषक प्रत्येकी १६ दिवस काम करतील. या ४६ मनुष्यदिवसांचे शुल्क बैठकीत मान्य झालेल्या दैनिक दराने आकारले जाईल: ३० टक्के कार्यारंभी, ४० टक्के मसुदा अहवालानंतर, उर्वरित अंतिम अहवाल स्वीकारल्यावर. आमच्याकडून दिवस वाढल्यास जादा आकारणी होणार नाही. मात्र नोंदी मिळण्यास विलंब झाल्यास वेळापत्रक तितकेच पुढे जाईल.

हा प्रस्ताव ३० दिवस ग्राह्य राहील.

आपला विश्वासू,
प्रमुख सल्लागार