पहिल्या व्हिडिओ कॉलवर: मी काय करते आणि एक झालेलं काम

नमस्कार. आवाज नीट येतोय ना? एक मिनिट, खिडकी लावून घेते. खाली दांडिया बाजारात वरात निघालीय आणि बँडवाले नेमके आमच्याच दारात रंगात आलेत.

हां. तर मी स्नेहल. तुम्हाला सर म्हणू की काका? काका... बरं, मलाही तेच सोपं. आणि ताई, खरेदीची बिलं तुम्हीच बघता असं काका फोनवर म्हणाले होते. म्हणजे काम ठरलंच तर रोजची गाठ आपल्या दोघींची पडणार.

माझं थोडक्यात सांगते. शिक्षण इथलंच, बडोद्यातलं, सयाजीराव विद्यापीठातून एम. कॉम. सात वर्षं एका सीएंच्या ऑफिसात काढली, २०१९ पासून स्वतंत्र काम करते. सध्या माझ्याकडे चार कारखान्यांचं काम आहे आणि चारही लहान आहेत. मी सीए नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. ऑडिटवर माझी सही चालत नाही आणि रिटर्नही मी भरत नाही. तुमचे सीए तेच राहतील. त्यांच्या हातात आकडे जातात त्याच्या आधीचं सगळं माझं: टॅलीत खरेदी-विक्रीच्या नोंदी, बँकेचा मेळ, जॉबवर्कला पाठवलेल्या मालाची चलनं, आणि मुख्य म्हणजे दर महिन्याला तुमचं पर्चेस रजिस्टर जीएसटीच्या टू-बीशी, म्हणजे पुरवठादारांनी तुमच्या नावावर चढवलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीशी, जुळवणं.

या शेवटच्या कामासाठीच तुम्ही मला शोधलंत, म्हणून त्यावरच जास्त बोलते. काका म्हणाले, "दर महिन्याला इनपुट कमी मिळतं, विचारलं की अकाउंटंट म्हणतो पार्टीनं बिल चढवलं नाही." बरोबर? हे उत्तर अर्धंच खरं असतं.

१ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की पुरवठादारानं बिल त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलं आणि ते तुमच्या टू-बीत आलं, तरच क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेला कर तुमच्या भरायच्या करातून वजा होतो. तुम्ही पैसे दिलेत, माल आला, पत्रा कापूनसुद्धा झाला, तरी बिल तिथे नसेल तर तो कर त्या महिन्यापुरता तुमच्या खिशातून. आता तारखा बघा. महिन्याला रिटर्न भरणारा पुरवठादार ११ तारखेपर्यंत बिलं चढवतो. टू-बी १४ ला तयार होतं. तुमचं थ्री-बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, २० ला. बहुतेक ऑफिसांत जुळवणी सुरू होते १५ ला, कारण तेव्हा टू-बी हातात येतं. पण १५ ला राहिलेलं बिल सापडून उपयोग काय? पार्टी म्हणते, "पुढच्या महिन्यात घेऊ." पुढच्या महिन्यात ती विसरते, आणि आपणही.

म्हणून मी उलटं करते. माझे फोन ५ ते १० तारखेच्या मधे जातात. मोठ्या रकमांची बिलं आणि ज्यांची खोड माहीत आहे अशा पार्ट्या आधी. चढवायच्या आत आठवण केली की माणूस चढवतो. चढवून झाल्यावर सांगितलं की दुरुस्ती करावी लागते, आणि दुरुस्तीचा कंटाळा सगळ्यांनाच असतो.

आता एक झालेलं काम दाखवते. कारखान्याचं नाव सांगणार नाही. उद्या तुमचंही कुणाला सांगणार नाही. मकरपुरा जीआयडीसीतलाच आहे, तुमच्यासारखाच फॅब्रिकेशनचा, फक्त तुम्ही ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या करता आणि ते पॅनेलचे डबे. ऑगस्ट २०२४ मध्ये काम हातात घेतलं. २०२३-२४ चं पूर्ण वर्ष आणि पुढचे चार महिने अशी एकूण २,१४० खरेदीची बिलं होती. त्यातली ९४ टू-बीशी जुळत नव्हती. त्यांच्यावरचा कर ४,१२,६०० रुपये. आणि त्यांचाही अकाउंटंट हेच म्हणत होता, पार्टीनं चढवलं नाही.

स्क्रीन शेअर करते. दिसतंय? नावं झाकली आहेत, बाकी फाइल खरी आहे. डावीकडे त्यांचं रजिस्टर, उजवीकडे टू-बी. ही ओळ बघा. डावीकडे बिल नंबर आहे `147`. उजवीकडे तेच बिल `SE/0147/24-25`. रक्कम तीच, तारीख तीच, जीएसटी नंबर तोच. टॅलीत टाकणाऱ्यानं मधलाच आकडा घेतला, जुळवणाऱ्यानं "नाही" असा शेरा मारला आणि क्रेडिट सोडून दिलं. अशी ९४ पैकी ५१ बिलं निघाली! एकाही पार्टीला फोन करावा लागला नाही. १,८८,४०० रुपये सरकारकडे अडकलेच नव्हते, ते आपल्याच रजिस्टरमध्ये पडून होते.

तेव्हापासून माझा एक हट्ट आहे, ताई: बिलावर जसा छापलाय तसाच नंबर टॅलीत. शून्यासकट, तिरक्या रेघेसकट. सुरुवातीला राग येईल.

पुढची १७ बिलं चुकीच्या जीएसटी नंबरवर चढली होती. बिल चढवताना भलत्याच कुणाचा नंबर पडला की क्रेडिट दुसऱ्याच्या घरी. गंमत म्हणजे पार्टी शपथेवर सांगते, "बेन, बिल तो चढावी दीधुं छे!" आणि ती खोटं बोलत नसते. चढवलेलं असतंच, फक्त तुमच्या नावावर नसतं. अशा वेळी "बघा ना जरा" म्हणून काही होत नाही. मी त्यांना बिलाचा फोटो, बरोबर नंबर आणि त्यांच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती कुठल्या तक्त्यात करायची हे तीन ओळींत पाठवते, गुजरातीत. १७ पैकी १२ बिलांची दुरुस्ती झाली, ९६,२०० रुपये आले.

राहिलेल्यांपैकी २१ बिलं खरंच चढलेली नव्हती. त्यात बरेच तिमाही रिटर्नवाले. पाच कोटींपर्यंत उलाढाल असेल तर तिमाही भरता येतं, मग एप्रिलचं बिल तुम्हाला दिसतं जूनच्या टू-बीत, म्हणजे १४ जुलैला. तोवर तुमचे पैसे अडकलेले. यावर उपाय आहे: तिमाहीवाल्यालाही पहिल्या दोन महिन्यांची बिलं १३ तारखेपर्यंत वेगळी चढवता येतात, महिन्याला पन्नास लाखांपर्यंत. कित्येकांच्या हे गावीच नसतं. २१ पैकी १४ बिलं आली, ७१,००० रुपये.

यात सगळ्यात जास्त घाई झाली ती तारखेची. २०२३-२४ चं क्रेडिट घ्यायची मुदत होती ३० नोव्हेंबर २०२४. कागदावर भरपूर वेळ. पण पार्टीनं बिल चढवायचं ११ नोव्हेंबरपर्यंत, आणि त्या वर्षी लाभपाचम आली ६ तारखेला. दिवाळीत मिटलेली शटरं लाभपाचमेशिवाय उघडत नाहीत हे तुम्हाला मी काय सांगायचं! म्हणजे मधे उरले पाच दिवस. म्हणून मी दसऱ्यापासूनच फोन लावायला घेतले होते. दिवाळीनंतर बघू म्हटलं असतं तर त्या वर्षाची निम्मी बिलं गेली असती.

एकूण ३,५५,६०० रुपयांचं क्रेडिट मिळालं. ५७,००० नाही मिळालं, तेही सांगते. पाच बिलांवर कायद्यानंच क्रेडिट नव्हतं, मालकांच्या गाडीचा खर्च वगैरे. पण मोठा भाग एकाच पुरवठादाराचा होता, त्याची नोंदणीच रद्द झालेली. त्याला पैसे आधीच देऊन झाले होते, मला काही करता आलं नाही. आता नव्या पार्टीला पहिला चेक जाण्याआधी तिचा नंबर पोर्टलवर चालू आहे का हे बघते. दोन मिनिटांचं काम आहे.

काय म्हणालात काका? हो, नवीन आयएमएस आलंय त्याचं. ऑक्टोबर २०२४ पासून. आलेलं बिल मान्य, अमान्य किंवा थांबवून ठेवायचं. काहीच केलं नाही तर ते मान्य धरतात. म्हणजे भलत्याच कुणाचं बिल तुमच्या नावावर आलं आणि तुम्ही गप्प बसलात तर ते तुमचंच. त्याची यादी मी दर आठवड्याला ताईंना पाठवीन, बटण त्यांनीच दाबायचं.

जॉबवर्कचं तुमच्याकडे मला जास्त बघावं लागेल असं वाटतं, कारण टाक्या गॅल्व्हनाइझिंगला बाहेर जातात. पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे, नाहीतर तो विकला असं धरून कर लागतो. चलनांची वही कुणाकडे असते? गेटवर? ...बरं, तिथपासून सुरुवात करावी लागेल.

पासवर्डचं: पोर्टलचा पासवर्ड मला नको. टू-बीची एक्सेल ताईंनी उतरवून पाठवायची. टॅली मी तुमच्याच कॉम्प्युटरवर दुरून उघडीन, तुम्ही चालू करून द्याल तेव्हाच. महिन्यातून एकदा, ५ तारखेच्या आसपास, मी स्वतः येते. बिलांची फाइल हातात घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पैशांचं स्पष्ट बोलते. महिन्याला २५० खरेदीच्या बिलांपर्यंत १४,००० रुपये. मागची साफसफाई एकदाच, तिचे १८,०००. जेवढं क्रेडिट मिळवून देईन त्याच्या टक्क्यांवर मी काम करत नाही. तसं केलं की माणूस न मिळणारं क्रेडिटही ओढून बसवतो आणि नोटीस येते तुमच्या नावावर.

आज लगेच हो म्हणू नका. मागच्या एका महिन्याचं पर्चेस रजिस्टर आणि त्याच महिन्याचं टू-बी पाठवा. एवढं मी फुकट जुळवून देते, चार दिवसांत. किती बिलं खरंच चढलेली नाहीत आणि किती आपल्याच नोंदीत चुकलीत, ते कागदावर दिसेल. तेच काम तुमच्या अकाउंटंटकडून होणार असेल तर त्यांनाच द्या, मला वाईट वाटणार नाही. बरं, थोडं वाटेल.

ताई, टॅलीतून एक्सेल काढता येते ना तुम्हाला? मग आज संध्याकाळी जमेल की उद्या?