दात घासण्याच्या सवयी आणि गोड खाऊ : इयत्ता सातवीसाठी सर्वेक्षणपत्रिका व दंतआरोग्य माहिती

विद्यार्थी मित्रांनो,

विज्ञानाच्या उपक्रमासाठी ही पत्रिका तयार केली आहे. यात कोणाचेही दात तपासले जाणार नाहीत आणि कोणाच्या दाताला कीड आहे, हेही विचारलेले नाही; प्रश्न आहेत ते फक्त रोजच्या सवयींचे. पत्रिकेवर नाव किंवा हजेरी क्रमांक लिहू नका. एखाद्या प्रश्नाचे उत्तर द्यावेसे वाटले नाही, तर तो सोडून पुढे जा. गुण नाहीत, त्यामुळे शेजाऱ्याचे पाहून लिहिण्याचेही कारण नाही. आपण काय करायला हवे ते न लिहिता प्रत्यक्ष काय करतो ते लिहा, कारण रात्री ब्रश न करणाऱ्याने तसे मोकळेपणाने लिहिले, तरच वर्गाचा आलेख खरा ठरेल. योग्य पर्यायाला गोल करा.

१. काल तुम्ही किती वेळा दात घासले? (एकदाही नाही / एकदा / दोनदा / त्याहून जास्त)

२. काल रात्री दात घासल्यानंतर झोपेपर्यंत पाण्याशिवाय काही खाल्ले-प्यायले का? (हो / नाही / रात्री दात घासलेच नाहीत)

३. एका वेळी साधारण किती वेळ घासता? (एका मिनिटाहून कमी / एक ते दोन मिनिटे / दोन मिनिटांहून जास्त / कधी पाहिले नाही)

४. आज घरी गेल्यावर ब्रश हातात घेऊन समोरून पाहा. त्याचे केस कसे आहेत? (सरळ / थोडे वाकलेले / बाहेर फाकलेले / मी ब्रश वापरत नाही)

५. तुमच्या टूथपेस्टमध्ये फ्लोराइड आहे, असे वेष्टनावर लिहिले आहे का? (हो / नाही / टूथपेस्ट वापरत नाही)

६. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, दोन जेवणांच्या मधल्या वेळेत गोड काही किती वेळा तोंडात गेले? गोळी, चॉकलेट, बिस्किट, केक, शीतपेय, साखर घातलेले दूध, चहा किंवा सरबत हे सगळे मोजा. (एकदाही नाही / १–२ वेळा / ३–४ वेळा / ५ किंवा अधिक)

७. गोड खाल्ल्यावर बहुतेक वेळा काय करता? (चूळ भरतो/भरते / पाणी पितो/पिते / काहीच नाही)

प्रश्न ४ आणि ५ साठी पत्रिका घरी न्या आणि शुक्रवारी वर्गातल्या बंद खोक्यात टाका. मोजणी वर्गातच होईल आणि फलकावर फक्त एकत्रित आकडे लावले जातील. पुढची माहिती उत्तरे लिहून झाल्यावरच वाचा. आधी वाचली तर उत्तरे नकळत बदलतात.

माहिती

एक बिस्किट खा, पाच मिनिटे थांबा आणि जीभ मागच्या दाढांवरून फिरवा. दाढांच्या खाचांत मऊ, चिकट लगदा अजून लागेल. तोंडातले जिवाणू त्यातली साखर वापरून आम्ल तयार करतात. सामू हा आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त. दातांवर साचलेल्या जिवाणूंच्या थराचा सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला, की दाताच्या कठीण आवरणातली, म्हणजे दंतवल्कातली, खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते आणि काही खनिजे परत दातांत मुरतात. मात्र या भरपाईला वेळ लागतो. म्हणूनच सहाव्या प्रश्नात किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे विचारले आहे. तेवढेच चॉकलेट जेवणानंतर एकदम खाल्ले, तर दातांवर आम्लाचा एकच हल्ला होतो. तेच तुकडे करून दिवसभर चघळले, तर लाळेला सावरायला उसंत मिळत नाही. गोड पेय तासभर घोट घोट पीत राहणे त्याच कारणाने घातक असते.

रात्रीच्या ब्रशला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. झोपेत लाळ खूप कमी होते, त्यामुळे अडकलेल्या साखरेला आवरणारे कोणी उरत नाही. रात्री आणि दिवसात आणखी एकदा, दोन-दोन मिनिटे दात घासावेत. फेस थुंकून टाकावा, पण नंतर भरपूर पाण्याने चूळ भरू नये, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकून राहते. दर दशलक्ष भागांत १००० ते १५०० भाग फ्लोराइड असलेली पेस्ट तुमच्या वयाला योग्य असते. आंबट पेय प्यायल्यावर मात्र लगेच ब्रश करू नका, कारण तेव्हा आवरण मऊ झालेले असते. अर्धा तास थांबा. ब्रशचे केस फाकले असतील, तर तो हिरड्यांच्या कडेला नीट पोहोचत नाही; तीन-चार महिन्यांनी, किंवा केस त्याआधीच फाकले तर लगेच, बदलावा.

साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी सर्वांत मागे दुसरी कायमची दाढ येते. ती उगवताना इतर दातांपेक्षा खाली असते, त्यामुळे ब्रश तिच्यावरून न लागताच निघून जातो. तिच्यासाठी ब्रश आडवा, गालाच्या बाजूने आत न्यावा लागतो. दात पडला तर पुन्हा येईल, ही सोय या दाढेला नाही. दात दुखत असेल किंवा हिरडीतून वारंवार रक्त येत असेल, तर ते या पत्रिकेत लिहू नका, घरी मोठ्यांना सांगा आणि दंतवैद्याकडे जा.

— विज्ञान शिक्षक, इयत्ता सातवी