चिंगीचं कार्टून: फोटोसोबतचं वर्णन

सोबतच्या फोटोतल्या मांजरीचं कार्टून काढ. ती माझ्या आजीची चिंगी, वय 11. आजीची नजर अधू झाली आहे, ती चिंगीला डागांवरूनच ओळखते. म्हणून डोकं मोठं, पाय आखूड, डोळे टपोरे चालतील. डाग मात्र जिथल्या तिथे हवेत. खाली डावं-उजवं म्हटलंय ते चिंगीचं स्वतःचं. ती समोर बघतेय, त्यामुळे तिची डावी बाजू चित्रात आपल्या उजव्या हाताला येईल. चित्र उलटवू नकोस.

चिंगी तिरंगी आहे: पांढरी, केशरी, काळी. पांढरा रंग ताकासारखा, किंचित पिवळट. केशरी भाजलेल्या बेसनासारखा; फोटोत उन्हामुळे तो फिका दिसतोय. केशरी भागात बारीक गडद पट्टे आहेत, काळ्या भागात एकही नाही.

चेहरा सगळ्यात महत्त्वाचा. दोन्ही बाजू सारख्या करू नकोस. डावा कान, डावा डोळा आणि त्याखालचा अर्धा गाल केशरी. उजवीकडे काळा रंग कानापासून उतरतो आणि डोळ्याच्या वर, भुवईच्या जागी थांबतो. डोळ्याखालचा गाल पांढरा. दोन रंगांच्या मधून पांढरी पट्टी कपाळावरून नाकापर्यंत येते. ती वर बोटभर रुंद, मध्ये दोऱ्याइतकी बारीक, आणि तिथेच डावीकडे कललेली. नाक गुलाबी, उजव्या नाकपुडीच्या कडेला काळा ठिपका. खालच्या ओठाखाली, मधोमध नाही तर जरा उजवीकडे, बाळाला तीट लावावी तसा गोल काळा डाग आहे. आजी रोज तिथेच बोट टेकवते. हा डाग काढायचा राहून गेला तर ती चिंगी नाहीच, म्हणून तो खऱ्यापेक्षा थोडा मोठा काढ.

डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं आहे. नसबंदीच्या वेळची ती खूण. कान टोकदार करून ‘दुरुस्त’ करू नकोस. जखम किंवा रक्तही नको. डोळे हिरवट पिवळे, मिशा पांढऱ्या, उजवीकडची फक्त एक काळी. गाल बोक्यासारखे फुगीर नकोत, ती मांजरी आहे.

छाती, पोट आणि चारही पंजे पांढरे. पाठीवर उजवीकडे करंजीच्या आकाराचा काळा डाग, फुगीर कड वरच्या बाजूला. त्याला चिकटून मागे केशरी डाग, कडा फाटक्या. डाव्या कुशीवर काही नाही, कोरी पांढरी. शेपूट काळी, बुडाशी एक केशरी कडं, टोकही काळंच. फोटोत टोक पायाखाली दडलंय, ते चित्रात पुढे वळवून दाखव.

बसण्याची ढब फोटोतलीच: खिडकीच्या कट्ट्यावर, पुढचे पाय जुळवून, अंग किंचित डावीकडे वळलेलं, म्हणजे करंजी दिसेल. बाह्यरेषा जाड, रंग सपाट, मागे फिकट निळी भिंत. गळ्यात पट्टा, घुंगरू, फुलं, अक्षरं काहीही नको.