उद्यापासून ईआरपी: फायनान्स हेडचं स्टाफसमोर भाषण

मंडळी, बसा बसा, मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या आहेत. जास्त वेळ घेत नाही, स्टोअरचं काउंटिंग अजून चालू आहे आणि आयटीवाल्यांना आज रात्री झोप नाहीच.

तर उद्या सकाळी ८ पासून सगळं काम नव्या ईआरपी सिस्टीममध्ये, जुनी सिस्टीम फक्त बघायला. जुनी बिलं, जुनं लेजर उघडेल, पण एंट्री एकही होणार नाही. ओपनिंग बॅलन्स चढलेत, ट्रायल बॅलन्स दोन्हीकडे टॅली आहे, कस्टमर आणि व्हेंडरची बिलवार बाकी जुळलीये, स्टॉक तेवढा काउंट संपला की रात्री चढेल. म्हणजे आमच्या बाजूने तयारी आहे. आता खरा प्रश्न तुमचा-माझा.

माझ्या कानावर आलंय की "हे सगळं अकाउंट्सच्या सोयीसाठी चाललंय, आमच्या डोक्याला ताप." अर्धं खरं आहे, कशाला नाकारू. स्टोअर आणि डिस्पॅचचं टायपिंग वाढणारच. आजवर चलन फाईलला लागायचं, संध्याकाळी कोणीतरी चढवायचं आणि महिनाअखेरीला आम्ही बसून निस्तरायचो. उद्यापासून जिथे माल उतरतो तिथेच एंट्री, आणि तीही तेव्हाच.

का ते सांगतो. तुम्ही जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, सेव्ह केली की त्याच क्षणी स्टॉक वाढतो आणि इकडे आमच्याकडे देणं उभं राहतं. नंतर बिल आलं की सिस्टीम आपण दिलेली ऑर्डर म्हणजे पीओ, जीआरएन आणि बिल तिन्ही लावून बघते, जुळलं नाही तर पेमेंट अडतं. आता गंमत बघा, जीआरएनच्या स्क्रीनवर पीओची क्वांटिटी आधीच भरून येते. १०० चा पीओ, १०० चं बिल, माल उतरला ९६, आणि आपण घाईत तो १०० तसाच सेव्ह केला, तर सिस्टीमच्या दृष्टीने सगळं चोख, पैसे १०० चे जाणार आणि ४ नग कमी आहेत हे पुढच्या काउंटिंगला कळणार. सॉफ्टवेअर कितीही भारी असू दे, खोके मोजणारा माणूस तुमच्यातलाच असणार आहे. म्हणून मोजा, मग आकडा टाका. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका.

एक्सेलचं पण बोलून टाकतो, कारण इथे काही जणांचा एक्सेलवर जीव आहे (माझाही आहे). रिपोर्ट काढा, पिव्होट करा, काही हरकत नाही. पण "सेफ्टीसाठी" वेगळं रजिस्टर ठेवायचं नाही. दोन ठिकाणी लिहिलं की दोन आकडे होतात आणि मग मीटिंगमध्ये खरा कुठला यावरच तास जातो, शिवाय सिस्टीममधली एंट्री मागे पडते ती पडतेच.

चुका होतील. पोस्ट झालेली एंट्री डिलीट होत नाही, रिव्हर्स होते, आणि दोन्ही नोंदी नाव-वेळेसकट राहतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, ऑडिटरला तेच हवं असतं. फक्त झाकायला म्हणून भलतीच उलटी एंट्री मारू नका, ती शोधण्यात आमचा दिवस जातो. आणि पासवर्ड कोणाला द्यायचा नाही, साहेबांनाही नाही. बनवणारा वेगळा आणि अप्रूव्ह करणारा वेगळा, हे मुद्दाम ठेवलंय. मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी आज घरी जाताना काढा, मी बघितलीये 😄

पहिले काही दिवस स्लो जाणार. दोन मिनिटांच्या बिलाला दहा मिनिटं लागतील, चिडचिड होईल. या महिन्याचं क्लोजिंग उशिरा होईल हे मी वर आधीच सांगून ठेवलंय, त्यामुळे पहिला महिना स्पीडवरून कोणी तुम्हाला बोललं तर त्याला माझ्याकडे पाठवा. पण अडलं म्हणून गप्प बसलात तर मात्र मी बोलेन. आधी आपल्या डिपार्टमेंटच्या की-यूजरला विचारा, नाहीच सुटलं तर तिकीट टाका, त्यात स्क्रीनशॉट, डॉक्युमेंट नंबर आणि तुम्ही नेमकं काय करत होतात ते लिहा. नुसतं "चालत नाहीये" लिहिलं तर समोरचा काय करणार बिचारा? चार आठवडे कन्सल्टंट इथेच बसणार आहेत, त्यांना पिळून घ्या.

आणि गाडी उभी आहे, सिस्टीम अडकलीये, असं झालं तर गाडी थांबवू नका. की-यूजरकडे नंबर टाकलेले छापील फॉर्म आहेत, ते भरा, माल सोडा, पण त्याच दिवशी घरी जायच्या आधी ती एंट्री चढलीच पाहिजे.

आता लगेच करायचं काम: प्रत्येकाने निघण्याआधी एकदा लॉगिन करून बघा आणि आपला मेनू बरोबर दिसतोय का ते तपासा, चुकीचा रोल लागला असेल तर आज रात्री दुरुस्त होईल, उद्या आठ वाजता रांग लागेल. डिस्पॅचवाले, तुमचा लेबल प्रिंटर नवीन सिस्टीममधून एकदा चालवून दाखवा मला, मी येतोच तिकडे. बोला, कोणाला काय विचारायचंय?