विषय: ऑफर स्वीकारण्याआधी फंडिंग, कंपनीची आर्थिक स्थिती आणि पगाराबद्दलचे प्रश्न

नमस्कार स्नेहल मॅडम,

सोमवारी तुम्ही पाठवलेली ऑफर मिळाली. सीनिअर बॅकएंड इंजिनिअरचं काम, टीम, तांत्रिक प्रमुखांशी झालेल्या दोन्ही मुलाखती, सगळं मला मनापासून आवडलं आहे. माझे वडील पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षं पिकवतात. पॅकहाउस आणि शीतगृहातलं तापमान, कंटेनर सुटण्याआधीची धावपळ आणि माल नाकारला गेल्यावर घरात पसरणारी शांतता मी लहानपणापासून पाहत आले आहे. तुमची कंपनी जे सॉफ्टवेअर बनवते त्याची गरज मला कोणी पटवून द्यावी लागली नाही, आणि म्हणूनच होकार कळवण्याआधी हे पत्र सविस्तर लिहिते आहे.

हिंजवडीतली माझी सध्याची नोकरी पक्की आहे. नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे आणि घराचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला खात्यातून जातो. कंपनी तीन-चार वर्षांची असल्यामुळे जोखीम असणार, हे मी धरूनच चालले आहे. पैसे कधीच कमी पडणार नाहीत, अशी हमी मी मागत नाही. आज नेमकी परिस्थिती काय आहे आणि हात आखडले तर कर्मचाऱ्यांना ते कधी कळतं, एवढं मला राजीनामा देण्याआधी माहीत हवं आहे. यातल्या काही प्रश्नांची उत्तरं तुमच्या हातात नसतील. ते प्रश्न कृपया संस्थापकांकडे किंवा हिशेब पाहणाऱ्यांकडे पाठवा.

आधी फंडिंगबद्दल. मुलाखतीत मला सांगितलं होतं की मागच्या वर्षी १८ कोटींची फेरी पूर्ण झाली. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून कोणालाही पाहता येणारी कागदपत्रं मी पाहिली. शेअर वाटपाच्या पीएएस-३ फॉर्ममधल्या रकमांची बेरीज सुमारे ११ कोटी होते. त्याशिवाय एका वित्तसंस्थेचा ४ कोटींचा बोजा कंपनीवर नोंदवलेला दिसतो. १८ कोटींमध्ये हे कर्जही धरलं आहे का? तसं असेल तर उरलेले ३ कोटी येणं बाकी आहे का, आणि ते ठरावीक विक्री गाठल्यावरच मिळणार आहेत का? टप्प्याटप्प्याने पैसे येण्यात काही गैर नाही. पण खात्यात आलेले पैसे आणि अटीवर येणारे पैसे यांत माझ्या दृष्टीने मोठा फरक आहे. कर्जाचं मला अधिक तपशिलात समजून घ्यायचं आहे, कारण गुंतवणूकदार थांबू शकतो, हप्ता थांबत नाही. मुद्दलाची परतफेड सुरू झाली आहे का? महिन्याला अंदाजे किती रक्कम त्यात जाते? आणि खात्यात किमान इतकी शिल्लक ठेवलीच पाहिजे, अशी अट कर्जाच्या करारात आहे का? असेल तर ती शिल्लक पगारासाठी वापरता येत नाही. तेव्हा पुढच्या प्रश्नाचं उत्तर देताना ती कृपया वजा करावी.

तो प्रश्न असा: नवीन फंडिंग अजिबात आलं नाही असं धरलं, तर आज हाताशी असलेले पैसे आणि ग्राहकांकडून खरोखर जमा होणारी रक्कम यांवर कंपनी किती महिने चालेल? नेमका आकडा सांगता येत नसेल तर ‘सहापेक्षा कमी’, ‘सहा ते बारा’, ‘बारापेक्षा जास्त’ एवढं सांगितलं तरी चालेल. या हिशेबात माझ्याबरोबर घेतले जाणारे नवे लोक धरले आहेत की नाही, तेही कळवावं. पुढच्या फेरीची बोलणी सुरू असतील तर ती कुठवर आली आहेत? टर्मशीटवर सही झाली आहे की अजून भेटीगाठीच चालू आहेत?

मोठी नावं आणि मोठ्या रकमा ऐकून मी निश्चिंत का होत नाही, तेही सांगते. बायजूजचं मूल्यांकन २०२२मध्ये २२ अब्ज डॉलर होतं. २०२४च्या फेब्रुवारीत त्यांनी हक्कभाग विकून पैसे उभे केले, पण गुंतवणूकदारांशी वाद चालू असल्याने न्यायाधिकरणाने ते स्वतंत्र खात्यात ठेवायला लावले, आणि त्याच महिन्याचे पगार रखडले. पैसे उभे राहिले होते, पण ते पगारासाठी मोकळे नव्हते. म्हणून तुमच्याकडच्या गुंतवणूकदारांमध्ये किंवा संस्थापकांमध्ये असा काही वाद चालू नाही ना, हे मी सरळच विचारते.

आता माझा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव टाकलं की दर महिन्याचा पीएफ कधी जमा झाला आणि तो किती कर्मचाऱ्यांचा होता, हे दिसतं. तुमच्या कंपनीचा बहुतेक महिन्यांचा भरणा १५ तारखेच्या आत आहे, आणि ते पाहून बरं वाटलं. पण गेल्या वर्षी ऑगस्टचा भरणा, जो १५ सप्टेंबरपर्यंत व्हायला हवा होता, तो २३ ऑक्टोबरला झाला आहे. सप्टेंबरचाही त्याच दिवशी. त्यानंतर कर्मचाऱ्यांची संख्या ४१ वरून ३३ वर आली आहे.

याचा माझ्यापरीने मी लावलेला अर्थ सांगते, चुकत असेल तर सांगावं. तुमचे बरेच ग्राहक द्राक्ष निर्यातदार आहेत. माल जानेवारी ते एप्रिलमध्ये जातो, युरोपातल्या खरेदीदाराकडून पट्टी यायला पुढे वेळ लागतो, आणि ऑक्टोबर छाटणीच्या आधी तर आमच्या भागात बागाइतदाराच्या हातात पैसा नसतो, उलट खर्च तोंडावर असतो. त्या काळात तुमचीही वसुली थांबली असावी. तसं असेल तर ही अडचण यंदाच्या ऑगस्टमध्येही येईल, आणि मी तेव्हा नुकतीच रुजू झालेली असेन. तिच्यासाठी काय तजवीज केली आहे? वार्षिक वर्गणी हंगामाआधीच घेणं, डाळिंब किंवा दुग्धव्यवसायातले ग्राहक जोडणं, बँकेकडून खेळतं भांडवल घेणं, यांपैकी काही सुरू झालं आहे का? आणि ते आठ जण स्वतः सोडून गेले, त्यांना कमी केलं, की ते कंत्राटावर गेले?

त्या दोन महिन्यांत पगार वेळेवर झाले होते का? गेल्या दोन वर्षांत कधी पगार उशिरा झाला, अर्धा दिला गेला, किंवा वरिष्ठांनी काही महिने कमी घेतला, असं घडलं आहे का? घडलं असल्यास लोकांना किती दिवस आधी सांगितलं, आणि थकलेली रक्कम पूर्ण दिली का? ‘हो, एकदा झालं होतं, आम्ही २० तारखेलाच सगळ्यांना बसवून सांगितलं’ असं उत्तर आलं तर मी ऑफर नाकारणार नाही. उलट माझा विश्वास वाढेल. माझ्या आधीच्या एका कंपनीत पगारपत्रकावर पीएफ आणि टीडीएस दोन्ही कापलेले दिसायचे, पण सरकारकडे भरले जात नव्हते. विचारलं की ‘सिस्टिमचा प्रॉब्लेम’ असं उत्तर मिळायचं. टीडीएस फॉर्म २६एएसमध्ये दिसत नव्हता, त्यामुळे विवरणपत्र भरताना सगळ्यांचे हाल झाले. पैसे कमी असल्याचा राग कोणालाच नव्हता, खोटं सांगितल्याचा होता.

ऑफर लेटरमध्ये पगाराची तारीख लिहिलेली नाही. फोनवर तुम्ही ‘१ ते १० च्या दरम्यान’ म्हणाला होता. वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा. माझा हप्ता ५ तारखेला जातो. तो मी पुढे ढकलून घेऊ शकते, पण त्यासाठी पगाराची एक पक्की तारीख पत्रात हवी. नोकरी सोडणाऱ्यांचा अंतिम हिशेबही संहितेप्रमाणे दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. त्या आठ जणांचा तो पूर्ण झाला आहे का, तेही कळावं.

२७ लाखांमधले ३ लाख व्हेरिएबल आहेत. मागच्या वर्षी लोकांना त्यातले किती टक्के प्रत्यक्ष मिळाले? ईसॉपबद्दल मी आत्ता काही विचारत नाही, ते पगारात धरतही नाही.

शेवटी माझ्या बाजूने दोन विनंत्या. मी राजीनामा दिल्यापासून रुजू होईपर्यंत तीन महिने जातील. त्या काळात कंपनीने ऑफर मागे घेतली तर दोन महिन्यांचा मूळ पगार भरपाई म्हणून द्यावा, असं एक वाक्य पत्रात असावं. आणि पहिल्या सहा महिन्यांत कंपनीने कमी केल्यास १५ दिवसांची नोटीस लिहिली आहे, ती दोन्ही बाजूंनी ६० दिवसांची करावी. मूळ पगार वाढवून मागत नाही.

बँक स्टेटमेंट, गुंतवणूकदारांच्या अटी किंवा मूल्यांकन मला नको आहे. गोपनीयतेच्या करारावर सही हवी असेल तर लगेच करते. उत्तरं लेखी देणं अवघड असेल तर संस्थापकांशी अर्ध्या तासाचा कॉल ठरवावा. मी या आठवड्यात रोज संध्याकाळी साडेसहानंतर मोकळी आहे, शनिवारी बाणेरच्या ऑफिसमध्येही येऊ शकते. शिवाय दीड-दोन वर्षं तिथे असलेल्या आणि गेल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काम करत असलेल्या एखाद्या सहकाऱ्याशी बोलायला मिळालं तर फार बरं होईल.

ऑफरची मुदत शुक्रवारी संपते. ती पुढच्या बुधवारपर्यंत वाढवून मिळावी. उत्तरं मिळाली की मी बुधवारी दुपारी १२ च्या आत नक्की काय ते कळवीन आणि होकार असेल तर त्याच दिवशी इथे राजीनामा देईन.

आपली,
कल्याणी

ता. क. : गेल्या तीन महिन्यांची माझी पगारपत्रकं आणि फॉर्म १६ तुम्ही मागितले होते, ते सोबत जोडले आहेत.