मंदारच्या लग्नाची तमिळ पत्रिका: मराठी अनुवाद आणि वऱ्हाडासाठी खुलासा

(देवगड-जामसंड्याच्या वऱ्हाडी मंडळींसाठी. मूळ पत्रिकेसोबत जपून ठेवा.)

॥ श्री ॥

सप्रेम नमस्कार वि. वि. मंगलमय पराभव संवत्सरात, तै महिन्याच्या 11 तारखेस, सोमवार दि. 25 जानेवारी 2027 रोजी सकाळी 6:00 नंतर आणि 7:30 च्या आत, मकर लग्नावर, थोरामोठ्यांनी ठरवल्याप्रमाणे आमची कन्या सौ.कां. वै. अभिरामी हिचा विवाह जामसंडे येथील श्री. व सौ. गोगटे यांचे सुपुत्र चि. मंदार यांच्याशी, कुंभकोणम् येथे महामहम तलावाजवळच्या कल्याण मंडपात होत आहे. आपण आप्तेष्टांसह येऊन वधूवरांना आशीर्वाद द्यावेत.

आपले आगमन इच्छिणारे,
सौ. व श्री. वैद्यनाथन

रविवार सायं. 6:30 जानवासम्, 7:30 निश्चयतार्थम्. सोमवार पहाटे 4:30 व्रतम्, 5:15 काशी यात्रा, मालै माट्रल, ऊंजल. सायं. 4:00 नलंगु. मंगळवार सकाळी 8:00 कट्टुसादम्.

पत्रिकेच्या माथ्यावर जे ‘उ’सारखं अक्षर आहे ती पिळ्ळैयार सुळी, म्हणजे गणपतीची खूण. कोपऱ्यांना हळद लावलेली आहे, डाग समजून पुसू नका. ‘पराभव’ वाचून दचकू नये, आपल्या पंचांगातही शके 1948 चं नाव तेच आहे. ‘वै.’ हे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, तिथं आडनाव शोधू नका. ‘लग्न’ या शब्दावर मात्र हमखास घोटाळा होतो. तमिळमध्ये लग्नम् म्हणजे उगवती रास, आपल्या लग्नाला ते कल्याणम् म्हणतात. ‘मकर लग्न’ हा मुहूर्ताचा तपशील आहे.

सोमवारी राहूकाळ 7:30 ला सुरू होतो, म्हणून मुहूर्त त्याच्या आत. रविवारी तो 4:30 ते 6 आहे. वऱ्हाडाची गाडी 4:30 च्या आत मंडपाशी लागली नाही, तर नवरदेवाला 6 पर्यंत बाहेर ताटकळावं लागेल, ओवाळायला कोणी येणार नाही. दारात गुलाबपाणी शिंपडतील, चंदन, कुंकू आणि खडीसाखर पुढे करतील. खडीसाखरेचा एकच खडा उचलायचा.

जानवासम् म्हणजे नवरदेवाची मिरवणूक. निश्चयतार्थम् हा आपला साखरपुडाच, फक्त लग्नपत्रिका सर्वांसमोर वाचतात. दोन्हीकडची तबकं विषम संख्येत लागतात. आपली 11 नेऊ: विडा-सुपारी, हळद-कुंकू, नारळ, फळं, फुलं, साखर, साडी वगैरे. मोजणी निघण्याआधी घरीच करा, तिथं बारावं तबक निघालं की चेहरे बदलतात.

काशी यात्रेत नवरदेव छत्री, काठी आणि पंखा घेऊन काशीला निघतो आणि सासरे समजूत घालून त्याला परत आणतात. मंदारनं लगेच वळू नये, दोन पावलं पुढं जावं. मालै माट्रल म्हणजे हारांची अदलाबदल, तीनदा. दोघांना मामा खांद्यावर उचलतात, तेव्हा आपल्या मामांनी कंबर आधीच तपासून घ्यावी. ऊंजल म्हणजे झोपाळा. सुवासिनी दूध-केळं भरवतात आणि रंगीत भाताचे गोळे चारी दिशांना टाकतात. आपल्या सुवासिनींनाही बोलावतील, रेशमी साडी नेसावी. काळे कपडे कोणीच नकोत.

आता मुख्य गोष्ट. तिथं अंतरपाट नाही, मंगलाष्टकं नाहीत, ‘शुभमंगल सावधान’ नाही. त्याची वाट बघत बाहेर कॉफी पीत राहिलात तर लग्न चुकलंच. अभिरामी वडिलांच्या मांडीवर बसेल. पुरोहित हात वर करून ‘केट्टि मेळम्’ म्हणतील आणि नादस्वरम् आणि तविल एकदम कडाडतील. तोच क्षण. मंदार तालीची (मंगळसूत्राची) पहिली गाठ बांधेल, उरलेल्या दोन त्याची बहीण. म्हणजे स्नेहलनं 5:45 पासून वधूच्या पाठीमागे उभं राहायचं, फोटोग्राफर कितीही बाजूला सारो. अक्षता वाद्यं कडाडताच टाका, आधी नकोत. नंतर सप्तपदी पूर्ण होईस्तोवर वधूवरांशी हस्तांदोलन करू नका.

जेवण केळीच्या पानावर, निमुळतं टोक डावीकडे. कांदा-लसूण नाही आणि मासळीचा तर विषयच सोडा. भात टप्प्याटप्प्यानं येतो: सांबार, मग रसम्, शेवटी ताक-दही. पहिल्या वाढणीलाच पोट भरू नका. झाल्यावर पान आपल्याकडे दुमडायचं. आहेराच्या पाकिटात वर एक रुपया हवाच. निघताना तांबूलम्‌ची पिशवी देतील, त्यात नारळ असतो. नारळ घेऊन कोकणात यायचं हे हास्यास्पद वाटेल, पण नाकारायची नाही.

नलंगुत वधूवर एकमेकांकडे नारळ लोटतात, डोक्यावर पापड फोडतात, बायका चिडवाचिडवीची गाणी म्हणतात. तिथं आपले उखाणे चालतील, दोन-चार तयार ठेवा. कट्टुसादम् म्हणजे परतीच्या वाटेची शिदोरी: चिंचेचा भात आणि दहीभात. दहीभात त्याच दुपारी संपवा, चिंचेचा रात्रीपर्यंत टिकतो.